वीज गेल्यानंतर उरलेले ध्वनिचित्रमुद्रण: एमकेव्ही फाइलच्या पुनर्प्राप्तीचा प्रकरण अभ्यास

एक प्रशिक्षक आपल्या संगणकाच्या पडद्यावर लेखा-सॉफ्टवेअरचे प्रात्यक्षिक दाखवत होते आणि त्याच वेळी ओबीएस स्टुडिओ या प्रोग्रॅमद्वारे पडद्याचे मुद्रण चालू होते. प्रात्यक्षिक दोन तासांचे ठरले होते. दीड तास उलटून गेल्यावर वीज गेली, संगणकाला यूपीएस जोडलेला नव्हता, आणि विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर मुद्रणाच्या फोल्डरमध्ये `2025-03-08 10-02-14.mkv` या नावाची सुमारे ४.५८ जीबीची फाइल दिसली. ती प्लेअरमध्ये उघडत होती, चित्र दिसत होते, आवाजही येत होता; मात्र एकूण कालावधीच्या जागी शून्य होते आणि पट्टीवर पुढे-मागे जाण्याचा प्रयत्न केला की चित्र थिजत होते. व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरने तर ती स्वीकारलीच नाही. फाइल खराब झाली, असा निष्कर्ष या टप्प्यावर बहुतेक जण काढतात. प्रत्यक्षात तिच्यातील जवळजवळ सगळा मजकूर शाबूत होता.

प्रकरण समजून घेण्यासाठी मुद्रणाची मांडणी माहीत असणे आवश्यक आहे. चित्र १९२० × १०८० आकाराचे, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४ कोडेकमध्ये, ६,००० केबीपीएस या स्थिर बिटरेटवर नोंदवले जात होते, आणि दोन कीफ्रेममधील, म्हणजे इतर फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण फ्रेममधील, अंतर २ सेकंद ठेवलेले होते. आवाजाचे दोन स्वतंत्र ट्रॅक होते: पहिल्यावर संगणकाचा आवाज, दुसऱ्यावर प्रशिक्षकांचा मायक्रोफोन, दोन्ही एएसी कोडेकमध्ये, प्रत्येकी १६० केबीपीएस. सगळे मिळून ६,३२० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला सुमारे ७,९०,००० बाइट. बिटरेट स्थिर असल्यामुळे एक सोपा हिशेब करता येतो: ४.५८ जीबीला, म्हणजे ४५८ कोटी बाइटना, या आकड्याने भागले की साधारण ५,७९७ सेकंद, म्हणजे १ तास ३६ मिनिटे ३७ सेकंद येतात. फाइलला हात लावण्यापूर्वीच तिच्यात किती मजकूर असावा याचा अंदाज त्यामुळे हाती आला. मुद्रण सीआरएफ किंवा सीक्यूपी पद्धतीने, म्हणजे दर्जा स्थिर आणि बिटरेट बदलता ठेवून केले असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही, कारण पडदा स्थिर असताना अशा मुद्रणाचा आकार फारच कमी वाढतो.

कंटेनरच्या रचनेतला फरक

एच.२६४ किंवा एएसी ही चित्राची व आवाजाची सांकेतिक रूपे आहेत; ती ज्या फाइलमध्ये एकत्र ठेवली जातात तिच्या रचनेला कंटेनर म्हणतात. अपघातानंतर काय उरेल हे कोडेकवर नव्हे, तर कंटेनरवर ठरते.

साध्या एमपी४ फाइलमध्ये दोन मोठे भाग असतात. `mdat` नावाच्या भागात चित्राचे आणि आवाजाचे सगळे तुकडे एकापाठोपाठ लिहिले जातात. `moov` नावाच्या भागात त्या तुकड्यांची सारणी असते: कोणता तुकडा कोणत्या ट्रॅकचा, तो फाइलमध्ये कोठे सुरू होतो, किती बाइटचा आहे, कोणत्या क्षणी दाखवायचा आणि त्यांतले कीफ्रेम कोणते. डिकोडरला सुरुवातीलाच लागणारी चित्राची मूलभूत माहितीही याच भागात असते. सगळे तुकडे लिहून झाल्याखेरीज ही सारणी पूर्ण होत नाही, म्हणून मुद्रण थांबवल्यावरच ती लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर `mdat` उरतो, `moov` उरत नाही, आणि एफएफएमपेग ही आज्ञावली अशी फाइल पाहून `moov atom not found` एवढेच सांगते. जुन्या पेढीच्या भाषेत बोलायचे, तर एमपी४ सगळे व्यवहार झाल्यावर एकदाच खतावणी करते, एमकेव्ही मात्र रोजमेळ लिहीत जाते.

एमकेव्हीमध्ये ट्रॅकची माहिती आणि कोडेकचा मूलभूत तपशील फाइलच्या आरंभीच लिहिला जातो. त्यानंतर Cluster नावाचे गठ्ठे येतात. प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला त्याचा काळ असतो, आणि आतील प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या ट्रॅकचा आहे, गठ्ठ्याच्या आरंभापासून किती मिलिसेकंदांनी येतो आणि किती लांबीचा आहे हे नोंदलेले असते. त्यामुळे फाइल कोठेही तुटली तरी त्याआधीचे गठ्ठे स्वतःच्या बळावर वाचता येतात. शेवटी लिहायच्या गोष्टी दोनच राहतात: पुढे-मागे जाण्यासाठी लागणारी Cues ही सूची, आणि आरंभीच्या भागात मागाहून भरला जाणारा एकूण कालावधी. आपल्या प्रकरणातील फाइलमध्ये नेमक्या या दोनच गोष्टी नव्हत्या. कालावधी शून्य दिसणे आणि पट्टी न चालणे ही लक्षणे त्यातूनच आली होती. चित्राशी त्यांचा संबंध नव्हता.

ओबीएस ज्याच्या मदतीने फाइल लिहिते त्या एफएफएमपेगचा एमकेव्ही लिहिणारा भाग एक गठ्ठा पूर्ण होईपर्यंत मेमरीत ठेवतो, आणि चित्राचा नवा कीफ्रेम आला किंवा ठरावीक वेळेची वा आकाराची मर्यादा गाठली गेली की तो बाहेर लिहून नवा गठ्ठा सुरू करतो. येथे कीफ्रेम दर २ सेकंदांनी येत असल्याने प्रोग्रॅमच्या बाजूने जास्तीत जास्त दोनेक सेकंदांचेच मुद्रण अधांतरी होते. ऑपरेटिंग सिस्टिमची बाजू वेगळी आहे. प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहिलेले बाइट ताबडतोब डिस्कवर जात नाहीत. ते काही काळ मेमरीतील कॅशमध्ये राहतात आणि वीज गेली की तिच्यासह जातात. म्हणूनच प्रोग्रॅम बंद पडणे आणि वीज जाणे या दोन अपघातांत फरक करावा लागतो: पहिल्यात कॅश सुरक्षित राहते आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती यथावकाश डिस्कवर उतरवते, दुसऱ्यात ती संधीच मिळत नाही.

प्रत्यक्ष पुनर्प्राप्ती

पहिले काम फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेण्याचे होते. हे सावधगिरीचे कर्मकांड वाटेल, पण अचानक बंद पडलेल्या संगणकाच्या फाइल सिस्टिमवर दुरुस्तीची आज्ञा चालवण्याआधी फाइल जशी आहे तशी बाजूला काढून ठेवलेली बरी. दुरुस्तीत फाइलची लांबी कमी केली जाऊ शकते. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच झाले.

दुसरे काम म्हणजे फाइलमध्ये काय आहे ते पाहणे:

```
ffprobe -hide_banner "2025-03-08 10-02-14.mkv"
```

उत्तरात कालावधीच्या जागी `N/A` आले, परंतु त्याखाली एक चित्राचा आणि दोन आवाजाचे असे तिन्ही प्रवाह योग्य आकार, कोडेक व सॅम्पलिंग दरासह दिसले. फाइलचा आरंभ शाबूत असल्याची ही खूण आहे. प्रवाह दिसतच नसते, किंवा चित्राचा आकार ओळखता आला नसता, तर प्रकरण वेगळे झाले असते.

त्यानंतर रीमक्स. रीमक्स करणे म्हणजे चित्र व आवाज पुन्हा एन्कोड न करता, त्यांचे तुकडे जसेच्या तसे एका कंटेनरमधून काढून दुसऱ्यात मांडणे. दर्जा तसूभरही बदलत नाही, आणि वेळ लागतो तो फाइल वाचून लिहिण्यापुरता, म्हणजे काही मिनिटे किंवा त्याहूनही कमी. एखाद्या ‘कन्व्हर्टर’मध्ये फाइल टाकल्यास तो बहुधा सगळे चित्र नव्याने एन्कोड करतो, त्यात वेळ जातो, आणि पडद्यावरच्या बारीक अक्षरांच्या कडा हकनाक बिघडतात. आणि `.mkv` हे नाव बदलून `.mp4` केल्याने आतली रचना बदलत नाही, हेही येथे सांगून टाकलेले बरे.

```
ffmpeg -i "2025-03-08 10-02-14.mkv" -map 0 -c copy -movflags +faststart out.mp4
```

यातील `-c copy` हे रीमक्सचे सार आहे. `-movflags +faststart` मुळे `moov` ही सारणी शेवटून उचलून फाइलच्या आरंभी आणली जाते; त्यासाठी लिहून झालेली फाइल पुन्हा एकदा सरकवावी लागते, म्हणून काम संपल्यासारखे वाटल्यावरही थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात घाई करून खिडकी बंद करू नये. फाइल आपल्याच संगणकावर संपादित करायची असेल तर हा पर्याय गाळला तरी चालतो.

खरा सापळा `-map 0` मध्ये आहे. हा पर्याय लिहिला नाही तर एफएफएमपेग स्वतःच्या नियमाने चित्राचा एक आणि आवाजाचा एकच प्रवाह निवडते. आवाजाच्या बाबतीत जास्त चॅनेल असलेला प्रवाह घेतला जातो, आणि चॅनेल सारखे असतील तर आधीचा. आपल्या मुद्रणातील दोन्ही ट्रॅक स्टिरिओ होते, म्हणजे निवड संगणकाच्या आवाजाची झाली असती आणि प्रशिक्षकांचे बोलणे निमूटपणे गळून पडले असते. फाइल व्यवस्थित चालते, कालावधी बरोबर दिसतो, बटण दाबल्याचे आवाज ऐकू येतात, आणि निवेदन मात्र नाही: अशा अवस्थेत लोक मायक्रोफोनला दोष देतात आणि मूळ एमकेव्ही पुसून टाकतात.

रीमक्स चालू असताना शेवटाकडे पुढील ओळ उमटली:

```
0x00 at pos 4575417449 (0x110b75469) invalid as first byte of an EBML number
```

अशी ओळ पाहून दचकण्याचे कारण नाही, उलट ती अपघाताची जागाच दाखवते. एमकेव्हीचा प्रत्येक घटक ज्या ओळखक्रमांकाने सुरू होतो त्याचा पहिला बाइट शून्य असू शकत नाही. फाइल ४.५८ जीबीची होती आणि ही तक्रार सुमारे ४.५७५ जीबीवर आली, म्हणजे शेवटचे साडेचार एमबी नुसत्या शून्यांनी भरलेले होते. फाइल सिस्टिमने फाइलची लांबी वाढवून नोंदवली होती, पण त्या जागेत जायचा मजकूर कॅशमधून डिस्कवर पोहोचलाच नव्हता. सुरुवातीच्या हिशेबातले ५,७९७ सेकंद आणि रीमक्स केलेल्या फाइलचा १ तास ३६ मिनिटे ३१ सेकंद हा कालावधी, म्हणजे ५,७९१ सेकंद, यांतील सहा सेकंदांचा फरक याच शून्यांचा आहे. नुसताच तुटलेला, शून्ये नसलेला शेवट असता तर त्या ठिकाणी `File ended prematurely` असा संदेश आला असता. दोन्ही संदेश अगदी शेवटी आले तर निरुपद्रवी असतात. तेच फाइलच्या मध्यावर आले, तर अडचण डिस्कची आहे असे समजून तपास वेगळ्या दिशेने न्यावा लागतो.

शून्यांची सीमा एका फ्रेमच्या मधोमध पडली होती. त्यामुळे शेवटच्या फ्रेमचा वरचा भाग बरोबर आणि खालचा भाग राखाडी ठोकळ्यांचा असा दिसत होता. तो तुकडा टाळण्यासाठी रीमक्स पुन्हा चालवून, या खेपेस बाहेरच्या फाइलच्या नावाआधी `-t 5790` ही मर्यादा घातली. शेवट कापताना कीफ्रेमची अडचण येत नाही, ती सुरुवात कापताना येते. कारण फ्रेम आपल्या आधीच्या कीफ्रेमवर अवलंबून असते.

अखेरची पडताळणी अशी झाली:

```
ffmpeg -v error -i out.mp4 -map 0 -f null -
```

ही आज्ञा फाइल कोठेही न लिहिता तिन्ही प्रवाह पूर्णपणे डिकोड करते आणि फक्त चुका छापते. काहीच छापले गेले नाही, तर तुकडे शाबूत आहेत असे मानता येते. याखेरीज सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी निवेदन आणि माऊसची हालचाल जुळते की नाही हे कान-डोळ्यांनी पाहिले गेले, कारण आवाज आणि चित्र यांच्यातील अंतर ही आज्ञा सांगत नाही. ओबीएस मुद्रण सुरू झाल्याची वेळ फाइलच्या नावात लिहिते. १०:०२:१४ या वेळेत १ तास ३६ मिनिटे ३१ सेकंद मिळवले की ११:३८:४५ येतात. पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळही शेवटच्या फ्रेममध्ये ११:३८ दाखवत होते. ऑनलाइन जोडलेल्या एका प्रशिक्षणार्थ्याकडे जोडणी तुटल्याची वेळ सेकंदांसह होती. तिच्याशी ताडून पाहता गेलेला भाग दहा सेकंदांच्या आसपास ठरला. ते वाक्य प्रशिक्षकांनी पुन्हा बोलून जोडले.

संपादकांकडून एक तक्रार मात्र आली: सॉफ्टवेअर या फाइलचा फ्रेमदर बदलता असल्याचे सांगत होते. हा अपघाताचा नव्हे, एमकेव्हीचा परिणाम आहे. ओबीएस व एफएफएमपेग एमकेव्हीत काळ मिलिसेकंदांत नोंदवतात. सेकंदाला ३० फ्रेम असताना दोन फ्रेममधील खरे अंतर ३३.३३ मिलिसेकंद असते, पण नोंद ३३, ३३, ३४ अशी होते, आणि रीमक्स करताना तीच पूर्णांकांत बसवलेली वेळ एमपी४मध्ये उतरते. चूक साचत जात नाही, त्यामुळे आवाज मागे-पुढे होत नाही. संपादनाच्या प्रकल्पाचा दर हाताने ३० ठरवून दिला की पुरते.

हेच मुद्रण एमपी४मध्ये असते तर

तेवढ्याच आकाराची, पण `moov` नसलेली फाइल हाती आली असती. तिच्यातून काही मिळवण्याचा मार्ग आहे: `untrunc` सारखे साधन त्याच संगणकावर, त्याच सेटिंग्जने केलेल्या एका धडधाकट मुद्रणातील सारणी नमुना म्हणून घेते आणि तुटलेल्या फाइलमधील तुकडे ओळखण्याचा प्रयत्न करते.

```
untrunc good.mp4 broken.mp4
```

एच.२६४चे तुकडे ओळखणे त्यातल्या त्यात सोपे, कारण प्रत्येकाच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. एमपी४मधील एएसी तुकड्यांना अशी कोणतीही खूण नसते. एकच आवाजाचा ट्रॅक असेल तर साधन अंदाजाने निभावून नेते, पण येथे एकाच कोडेकचे, एकाच बिटरेटचे दोन ट्रॅक होते आणि त्यांतील कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारी माहिती हरवलेल्या सारणीतच होती. संगणकाचा आवाज आणि निवेदन एकमेकांत मिसळून जाणे, किंवा पुढे पुढे ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटणे, हे अशा वेळी संभवते. नमुना फाइल नसेल तर त्याच सेटिंग्जने मिनिटभराचे नवे मुद्रण करून ती तयार करता येते. मात्र मधल्या काळात एन्कोडर किंवा चित्राचा आकार बदललेला नसावा.

एमपी४ हवीच असेल तर आता दोन मधले मार्ग आहेत. तुकड्यातुकड्यांच्या, म्हणजे फ्रॅगमेंटेड एमपी४मध्ये आरंभी एक छोटा `moov` आणि मग प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र `moof` व `mdat` लिहिले जातात. ती अपघातात टिकते, पण काही संपादन सॉफ्टवेअरना ती पचत नाही. ओबीएसने ३०.२ या आवृत्तीत, २०२४ मध्ये, Hybrid MP4 हा प्रकार आणला: मुद्रण चालू असताना फाइल तुकड्यांच्या रूपात लिहिली जाते आणि मुद्रण नीट थांबवल्यावर पूर्ण सारणी लिहून तिचे साध्या एमपी४मध्ये रूपांतर होते. वीज गेली तर ती तुकड्यांच्या रूपात राहते, आणि वरचीच रीमक्सची आज्ञा तिलाही चालते. मिलिसेकंदांची अडचणही त्यात येत नाही. तरीही जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांनी एमकेव्ही सोडू नये, असे माझे मत आहे.

ओबीएसच्या Settings → Advanced मध्ये मुद्रण संपताच एमकेव्ही आपोआप रीमक्स करण्याचा पर्याय आहे. तो मुद्रण व्यवस्थित थांबल्यावरच चालतो. अपघातानंतर File → Remux Recordings मधून किंवा आज्ञेने हे काम स्वतः करावे लागते.

आपली मांडणी टिकते की नाही हे आधीच तपासायचे असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एमकेव्ही किंवा साधी एमपी४ लिहिण्याचे काम ओबीएस स्वतः करत नाही, `obs-ffmpeg-mux` ही वेगळी प्रक्रिया करते. टास्क मॅनेजरमधून केवळ `obs64.exe` बंद केले तर या प्रक्रियेला येणारा मजकूर थांबतो, ती सारणी लिहून फाइल नीट मिटवू शकते, आणि साधी एमपी४सुद्धा अपघातात टिकते असा खोटा निष्कर्ष निघतो. चाचणी घ्यायची तर `obs-ffmpeg-mux` हीच प्रक्रिया मारावी. त्यातूनही वीज जाण्याची बरोबरी होत नाही, कारण कॅश जिवंत राहते. शेवटची शून्ये पाहायची असतील तर चाचणीसाठीच ठेवलेल्या आभासी संगणकावर मुद्रण चालू करून त्याची वीज तोडण्याची आज्ञा द्यावी लागते.